दराचा आदेश आणि सुनावणीचा हक्क: सियागंजच्या एका व्यापाऱ्याला उत्तर

प्रश्न: आमचे इंदूरच्या सियागंजात डाळी-तेलाचे होलसेल दुकान आहे. तुवर डाळीचा होलसेल आणि किरकोळ दर ठरवून देणारा आदेश अचानक निघाला. आम्हाला ना नोटीस, ना बैठक, ना कुणी विचारले. माझी खरेदीच ठरवलेल्या दरापेक्षा महाग आहे. व्यापाऱ्याला न ऐकता सरकार असा भाव ठरवू शकते का? हायकोर्टात हा मुद्दा टिकेल का?

उत्तर:

सुनावणी दिली नाही एवढ्याच एका मुद्द्यावर गेलात तर बहुधा टिकणार नाही. हे आधीच सांगतो, कारण इंदूर खंडपीठात असल्या याचिका घेऊन येणारे व्यापारी ‘आम्हाला विचारलेच नाही’ याच वाक्याने सुरुवात करतात आणि जो मुद्दा खरोखर चालू शकतो तो पानाच्या तळाशी राहतो. तुमचा आदेश मी पाहिलेला नाही. म्हणून तो कसा वाचायचा आणि त्यातले दुखणे कुठे शोधायचे, ते सांगतो.

आधी सुनावणी का मिळत नाही, ते पाहू. अत्यावश्यक वस्तू कायदा 1955 च्या कलम 3 मध्ये सरकारला आदेश काढण्याचा अधिकार आहे आणि पोटकलम 2 च्या खंड (ग) मध्ये खरेदी-विक्रीचा भाव नियंत्रित करण्याचा उल्लेख आहे. त्या कलमात कुठेही ‘व्यापाऱ्यांना ऐकून घेऊन’ असे शब्द नाहीत. प्रश्न असा होता की शब्द नसले तरी नैसर्गिक न्याय म्हणून ऐकायला हवे का. हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे औषधांच्या निमित्ताने आला. 1979 च्या औषध दर नियंत्रण आदेशाखाली केंद्राने कच्च्या औषधांचे भाव ठरवले, कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि ऐकून घेतले नाही या कारणावर जिंकल्या. सरकार वर गेले. 1987 मध्ये ‘युनियन ऑफ इंडिया विरुद्ध सायनामाइड इंडिया’ या निकालात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो निर्णय उलटवला.

त्यांचा विचार समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. भाव ठरवणे हे अमुक एका कारखानदाराचा किंवा दुकानदाराचा निवाडा करणे नव्हे. तो एका वस्तूसाठी, सगळ्यांना सारखा लागू होणारा, पुढच्या व्यवहारांसाठीचा नियम असतो आणि ग्राहकाच्या हितासाठी केलेला असतो. असा नियम करणे हे कायदा करण्यासारखे काम आहे. विधानसभा कायदा करताना प्रत्येक माणसाला नोटीस पाठवत नाही, तसेच इथे. कायद्यानेच सुनावणी सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर कोर्ट ती आपल्या पदरची घालणार नाही. आदेशात ‘योग्य वाटेल ती चौकशी करून’ असे शब्द असले तरी चौकशी किती आणि कशी करायची हे सरकारच ठरवते. ती अपुरी होती एवढ्यावर आदेश पडत नाही. आणि तिथेच कोर्टाने हेही म्हटले की भाव ठरवणे हे न्यायालयाचे ना काम, ना त्यात त्याचा हातखंडा.

तुमच्या धंद्याच्या अधिक जवळचा निकाल त्याआधीचा, मोहरीच्या तेलाचा आहे. 30 सप्टेंबर 1977 ला केंद्राने मोहरीच्या तेलाचा कमाल किरकोळ दर किलोला 10 रुपये ठरवला. तेल गिरण्या आणि व्यापारी सुप्रीम कोर्टात गेले. म्हणणे तेच, जे आज तुमचे आहे: या भावात परवडत नाही, मोहरीच महाग आहे. 1978 च्या ‘प्राग आइस अँड ऑइल मिल्स’ निकालात सात न्यायाधीशांच्या पीठाने याचिका फेटाळल्या. कुणाला तोटा झाला म्हणून दर अवैध ठरत नाही. ग्राहकाला परवडेल अशा भावात वस्तू मिळावी हा कायद्याचा मुख्य हेतू आहे, असा त्याचा रोख होता. मला स्वतःला हा निकाल व्यापाऱ्यावर जरा कडक वाटतो, पण तो आजही उभा आहे.

एक अपवाद मात्र सायनामाइडमध्येच आहे, आणि तो लोक वाचत नाहीत. सरकार जेव्हा एखाद्या व्यक्तीकडून माल ताब्यात घेते किंवा सक्तीने विकत घेते आणि त्या एकट्यासाठी वेगळा भाव ठरवावा लागतो, तेव्हा ते काम नियम करण्याचे राहत नाही. ते प्रशासकीय किंवा निवाड्याच्या स्वरूपाचे होऊ शकते, आणि मग ऐकून घेण्याचा प्रश्न उभा राहतो. धान्याच्या धंद्यात याचा उपयोग तसा कमी, कारण सक्तीने घेतलेल्या धान्याचा आणि खाद्यतेलाचा भाव कलम 3 च्या पोटकलम 3ख प्रमाणे राज्य सरकार केंद्राच्या आधीच्या मंजुरीने सर्वांसाठी एकच ठरवते. वाद उरतो तो मालाच्या प्रतवारीचा आणि वजनाचा. पण आदेशात तुमच्या फर्मचे नाव घालून ‘इतका माल या भावात द्या’ असे लिहिले असेल, तर तो कागद वेगळा ठेवा. तिथे तुमचा सुनावणीचा मुद्दा जिवंत आहे.

नाव घातलेला आणि सर्वांसाठीचा आदेश हा फरक कायद्यातही लिहिलेला आहे. कलम 3 च्या पोटकलम 5 प्रमाणे सर्वसाधारण स्वरूपाचा किंवा एखाद्या वर्गाला लागू होणारा आदेश राजपत्रात अधिसूचित करावा लागतो, आणि विशिष्ट व्यक्तीला उद्देशून काढलेला आदेश त्या व्यक्तीवर बजावावा लागतो. म्हणजे तुमच्यासारख्या सगळ्यांसाठीच्या आदेशात कायदा ‘विचारा’ असे म्हणत नाही, पण ‘जाहीर करा’ असे नक्की म्हणतो. आणि इथून तुमची खरी बाजू सुरू होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला फोटो किंवा वर्तमानपत्रातली बातमी म्हणजे राजपत्र नव्हे. न छापलेला कायदा माणसावर लादता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1951 मध्येच ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ या अफूच्या खटल्यात सांगितले. जयपूर संस्थानाने 1923 मध्ये केलेला अफूचा कायदा कधी प्रसिद्धच केला नव्हता, म्हणून त्याखालची शिक्षा रद्द झाली. तुमच्या आदेशाचा राजपत्रातला क्रमांक आणि तारीख मागा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो, पण त्याला वेळ जातो. खाद्य विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, ते लवकर होते.

दुसरा प्रश्न त्याहून वजनाचा: आदेश काढला कुणी? कलम 3 चा अधिकार मुळात केंद्र सरकारचा आहे. कलम 5 खाली केंद्र तो राज्याला किंवा अधिकाऱ्याला सोपवू शकते. अन्नपदार्थांबाबत केंद्राने 9 जून 1978 च्या अधिसूचनेने राज्यांना अधिकार दिला, पण अट घालून. भावनियंत्रण ज्यात आहे त्या खंड (ग) खालचा आदेश काढण्याआधी राज्याने केंद्राची पूर्वसंमती घ्यायची. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नंतर कळवले किंवा नंतर मंजुरी मागवली, हे चालत नाही. म्हणून राज्याच्या नावाने डाळीचा दर निघाला असेल तर केंद्राच्या संमतीचे पत्र कुठे, हा पहिला सवाल. आणि जिल्हा प्रशासनाने काढला असेल तर त्याआधीचा: हा अधिकार कलेक्टरांकडे कोणत्या अधिसूचनेने आला? आपल्याला सोपवलेला अधिकार आपण पुढे दुसऱ्याला सोपवायचा, तर त्याची परवानगी मूळ देणाऱ्याच्या कागदात असावी लागते.

या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारी वकिलाला फाइलमधून द्यावी लागतात, आणि हायकोर्टाला असे प्रश्न आवडतात, कारण त्यात कोर्टाला डाळीच्या भावाचे गणित करावे लागत नाही. कागद आहे की नाही, एवढेच पाहायचे असते. याच्या उलट ‘भाव अन्याय्य आहे’ म्हटले की कोर्ट सायनामाइडचे वाक्य पुढे करते.

आता आकड्यांवर येऊ. समजा, आदेशात तुवर डाळीचा होलसेल दर किलोला 142 रुपये आणि किरकोळ 150 ठरवला आहे. तुमची मिलची खरेदी 146 ची, भाडे, हमाली, तोलाई आणि घट धरून गोदामात पडलेला भाव 147.50. साठा 400 क्विंटल, म्हणजे 40,000 किलो. प्रत्येक किलोला साडेपाच रुपये तोटा, एकूण 2,20,000 रुपये. हा तक्ता याचिकेत लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. प्रागच्या निकालानंतर सरकारी वकील एका ओळीत उत्तर देतील की हा एका व्यापाऱ्याचा महागात घेतलेला माल आहे, आदेश तुमच्या खरेदीसाठी नाही.

हाच तक्ता थोडा बदलून पाहा. आदेशात मिलचाही दर ठरवला असेल आणि तो 141 असेल, तर होलसेलवाल्याला मिलपासून दुकानापर्यंत भाडे, हमाली, घट आणि नफा या सगळ्यासाठी किलोमागे एक रुपया उरतो. मग प्रश्न तुमचा एकट्याचा राहत नाही. इंदुरातला कोणताही होलसेलवाला त्या एका रुपयात माल हलवू शकत नसेल, तर ठरवणाऱ्यासमोर या टप्प्याचा खर्च नव्हताच असे म्हणता येते. किंवा उलट: मिलचा दर मोकळा ठेवला आणि फक्त तुमचा बांधला, तर मिलवाले जो भाव मागतील तो तुम्ही द्यायचा आणि ठरलेल्या भावात विकायचा. त्यामागे काय कारण, ते सरकारने सांगायला हवे. इथे राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 चा मनमानीपणाचा मुद्दा उभा राहतो. ऐकले नाही हा मुद्दा याच्यात गुंडाळून आणता येतो: आमच्या वर्गाकडून एकही आकडा मागवला नाही, आणि म्हणूनच दरात आमचा खर्च दिसत नाही. सुनावणीचा हक्क म्हणून नव्हे, तर डोळे मिटून दर ठरवल्याचा पुरावा म्हणून. फरक बारीक वाटेल, पण याचिकेच्या मजकुरात तो फार मोठा आहे.

त्यासाठी आकडे एकट्याचे नकोत. असोसिएशनमार्फत वेगवेगळ्या दुकानांची त्याच आठवड्यातली खरेदी बिले, बिल्ट्या, हमालीच्या पावत्या आणि मंडीचा तुवरीचा भाव एकत्र करा. तुवरीपासून डाळ किती निघते, हा उताऱ्याचा हिशोब मिलवाल्याकडून लेखी घ्या. कोर्टात एकाचे बिल म्हणजे तक्रार. सगळ्या बाजाराची बिले जमली की तो पुरावा होतो.

अर्ज कोर्टाआधी सरकारकडे द्या. पुष्कळजण याला वेळकाढूपणा समजतात. पण कायद्याने सुनावणी सक्तीची नसली तरी निवेदन घेण्याला मनाई नाही, आणि तुमचे आकडे आदेशानंतर त्यांच्यासमोर ठेवले आणि त्यांनी उत्तर दिले नाही, तर पुढे कोर्टाला ‘यांनी पाहिलेच नाही’ हे दाखवता येते. काही आदेशांत फेरविचाराची तरतूदच असते. औषधांच्या 2013 च्या दर नियंत्रण आदेशात परिच्छेद 31 खाली 30 दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. डाळीच्या आदेशात असा परिच्छेद आहे का, ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. असेल आणि तुम्ही तो वापरला नसेल, तर याचिकेच्या पहिल्याच दिवशी कोर्ट विचारेल.

सध्याच्या काळात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. काही वेळा दराची यादी अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघतच नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश म्हणून निघते, पूर्वीच्या कलम 144 खाली, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 आहे. तुमच्या कागदावर हा आकडा असेल तर सगळे गणित बदलते. हे कलम शांतता, अडथळा, जीवाला धोका अशा तातडीच्या गोष्टींसाठी आहे. बाजारभाव बांधण्यासाठी ते वापरता येते का यावरच वाद घालता येतो. आदेश साधारण दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. आणि मजा अशी की इथे ऐकण्याचा हक्क कायद्यातच आहे: तुम्ही आदेश रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज दिला, तर दंडाधिकाऱ्याने लवकरात लवकर तुम्हाला किंवा तुमच्या वकिलाला ऐकायचे, आणि अर्ज नाकारला तर कारणे लिहायची. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जो आदेश सर्वात कमकुवत पायावर उभा आहे, त्याच्याविरुद्ध सुनावणी सर्वात सहज मिळते. कलेक्टोरेटमध्ये तो अर्ज आधी द्या, मग हायकोर्ट.

जुना विषय निघालाच आहे तर सांगतो, नियंत्रणाच्या आदेशांची मोठी लढाई आपल्या जवळच्या इटारसीच्या रेल्वे स्टेशनावरून सुरू झाली होती. 1948 मध्ये बागला नावाचे गृहस्थ आणि त्यांची पत्नी मुंबईहून कानपूरला परवान्याशिवाय नवे सुती कापड घेऊन जात होते, सहा मणांच्या वर. पोलिसांनी इटारसीला पकडले. 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचा नियंत्रणाचा अधिकार वैध ठरवला. तेव्हापासून ‘असा अधिकार सरकारला देणेच चुकीचे’ हा युक्तिवाद संपला आहे. त्यावर पाने खर्च करू नका.

दुकानावर इन्स्पेक्टर आले, तर मात्र पारडे फिरते. दर ठरवताना तुम्हाला कुणी विचारले नाही हे चालले, पण तुमचा माल सरकारजमा करायचा असेल तर विचारलेच पाहिजे. कलम 6क खाली कलेक्टर माल सरकारजमा करू शकतात, परंतु कलम 6ख प्रमाणे आधी सरकारजमा करण्याची कारणे लिहिलेली नोटीस, लेखी उत्तराला वाजवी मुदत आणि प्रत्यक्ष सुनावणी, ही तिन्ही द्यावी लागतात. यातले एकही गाळले तर सरकारजमा करण्याचा आदेश अपिलात टिकत नाही. अपील कलम 6ग खाली एका महिन्यात करायचे. तुम्ही जिंकलात आणि माल मधल्या काळात विकला गेला असेल, तर त्याची किंमत वाजवी व्याजासह परत मिळते. इथे एक सापळा आहे: नियंत्रित दर असलेला माल कलेक्टरने विकला, तर तो त्याच नियंत्रित दराने विकला जातो. म्हणजे तुमचे 147 चे पडलेले गोदाम 142 नेच हिशोबात येईल. नोटिशीला उत्तर देताना कारण नसलेल्या मुद्द्यांवर रान उठवू नका. माल आदेशाच्या तारखेआधी कुणाला विकलेला होता का, बिल कोणत्या दिवसाचे आहे, हे पुरावे पहिल्याच उत्तरात जोडा.

तारखांचे आणखी एक. दर आदेश लागू झाल्यानंतरच्या विक्रीला लागतो. त्याआधी चढ्या भावाने केलेल्या विक्रीसाठी तुम्हाला गुन्हेगार ठरवता येत नाही. अनुच्छेद 20 तेवढे संरक्षण देतो. पण आदेशानंतर मागच्या तारखेची बिले बनवण्याचा मोह झाला तर तो आवरा. ई-वे बिल आणि जीएसटीच्या नोंदी तासभरात खोटेपणा उघडा पाडतात, आणि मग दराचा वाद फसवणुकीचा खटला होतो. दराच्या आदेशाचा भंग हाच मुळात कलम 7 खाली किमान तीन महिने ते सात वर्षे कैद आणि दंड एवढा मोठा गुन्हा आहे. म्हणून याचिका दाखल केली की जुना भाव घेता येईल, असे समजू नका. स्थगिती मिळेपर्यंत ठरलेल्या दरानेच विका, प्रत्येक बिलावर ‘हरकत राखून’ असा शिक्का मारा आणि तोट्याचा रोजचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवा. माल दाबून बसणेही धोक्याचे, विशेषतः साठ्याची मर्यादा लागू असेल तेव्हा.

तुम्हाला वाटेल, मग ऐकतात ते कुणाला? विजेच्या दराचे पाहा. विद्युत कायदा 2003 च्या कलम 64 प्रमाणे वीज कंपनीचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग दर ठरवतो. तिथे आयोगाने सुनावणी टाळली तर आदेश पडतो, कारण संसदेने ती लिहून दिली आहे. दूरसंचार नियामकावरही कामकाज पारदर्शक ठेवण्याची सक्ती कायद्यात आहे, आणि 2016 मध्ये कॉल तुटल्याच्या भरपाईचा त्याचा नियम रद्द करताना सुप्रीम कोर्टाने ती मोजली. डाळीसाठी संसदेने तसे शब्द लिहिलेले नाहीत. व्यापारी संघटनांनी खरी मागणी करायची ती इथे, कायद्यात बदलाची. कोर्टाकडून ती मिळणे अवघड आहे.

तुमच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात एवढेच करा: आदेशाची सही-शिक्क्याची प्रत आणि राजपत्राचा अंक मिळवा, त्यावर कोणते कलम लिहिले आहे ते पाहा, आणि असोसिएशनच्या लेटरहेडवर एक पानी पत्र देऊन केंद्राच्या पूर्वसंमतीच्या पत्राचा क्रमांक विचारा. त्या पत्राची पोच माझ्याकडे घेऊन या. याचिकेचा मसुदा त्याच्या उत्तरावरून, किंवा उत्तर न आल्यावरून ठरेल.